रिकामे पोट का गुरगुरते?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भूक लागलेली असताना स्वतःच्याच पोटावर स्टेथोस्कोप ठेवून पाहिला, तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. भुकेची कळ सलग नसते. ती येते, क्षणभर थांबते आणि पुन्हा येते. शिवाय ती थांबते त्या क्षणी पुष्कळदा एक मोठा गुडगुड आवाज ऐकू येतो. आतमध्ये काहीतरी आवळले जात असावे आणि अडकलेला वायू सुटताच ते सैल पडत असावे, असा तर्क त्यावरून करता येत होता. पण तर्काला पुरावा हवा होता.

तो पुरावा त्यांचे विद्यार्थी ए. एल. वॉशबर्न यांच्या पोटातून मिळाला. वॉशबर्न यांनी रबरी नळी गिळण्याचा सराव केला. नळीच्या टोकाला एक लहान फुगा होता आणि तिचे दुसरे टोक दाब नोंदवणाऱ्या उपकरणाला जोडलेले होते. भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न एक बटण दाबत आणि कागदावर त्याची खूण उमटे. 1912 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत असे दिसले की जठराचे आकुंचन आधी सुरू होते आणि ते जोरावर आल्यावर माणसाला भूक जाणवते. म्हणजे भुकेमुळे जठर आवळत नव्हते. आवळणाऱ्या जठरामुळे कळ येत होती. अर्थात, संपूर्ण भुकेचा उलगडा यातून झाला असे मानणे घाईचे ठरेल, कारण शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते, आणि आत फुगवलेला फुगा स्वतःच जठराला डिवचू शकतो, हा आक्षेपही पुढे घेतला गेला.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळू. जठर आणि आतडी यांच्या भिंतींत स्नायूंचे थर असतात आणि त्यांच्या आकुंचनाची लाट आतला ऐवज पुढे ढकलते. पोट रिकामे आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात अन्न नसते एवढेच खरे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यांचे स्वतःचे स्राव मिळून दिवसभरात सुमारे 7 लीटर द्रव या मार्गात उतरतो, आणि त्यातला काही भाग उपाशीपोटीही स्रवत असतो. त्याच्या जोडीला बोलताना, चहा पिताना, जेवताना गिळलेली हवा आणि आतड्यातील जिवाणूंनी तयार केलेले वायू असतात. एका वेळी साधारण 200 मिलीलीटर वायू निरोगी माणसाच्या पचनमार्गात असतोच. आकुंचनाची लाट हा द्रव आणि वायू एकत्रच एखाद्या अरुंद जागेतून रेटते, तेव्हा बुडबुडे तयार होतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यांच्या कंपनांचा आवाज पोटाच्या भिंतीतून बाहेर येतो. भरलेली बाटली एकदम उलटी केल्यावर होणारी गुडगुड याच जातीची असते. बुडबुडा मोठा असेल तर आवाज खर्जातला, लहान असेल तर चिवचिवल्यासारखा. नुसता द्रव असता किंवा नुसता वायू असता, तर एवढा गोंगाट झाला नसता.

जेवणानंतरही हे आवाज चालूच असतात. मात्र तेव्हा जठरात अन्नाचा दाट लगदा असतो, वायू त्यात विखुरलेला असतो आणि आवाज आतल्या आत दबतो. रिकाम्या पोटात आवाज दाबणारे काही उरत नाही. पण मोठ्या आवाजाचे एवढेच कारण नाही. उपाशीपोटी आकुंचनांचा क्रमच बदलतो, आणि या विषयातला खरा रंजक भाग तो आहे.

1969 मध्ये जोसेफ शुर्झेव्स्की यांनी उपाशी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर ठिकठिकाणी विद्युत्-अग्रे बसवून नोंदी घेतल्या. जोरदार हालचालींचा एक पट्टा आतड्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सावकाश सरकत जातो आणि तो शेवटाला पोहोचेपर्यंत वर दुसरा सुरू होतो, असे त्यात दिसले. माणसातही हेच चक्र असते आणि एक फेरी साधारण 90 ते 120 मिनिटांची असते. तिचा बराचसा काळ शांततेत जातो. त्यानंतर अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ विस्कळीत आकुंचने होतात. आणि अखेरीस 5 ते 15 मिनिटांचा तडाखा येतो. या तडाख्यात जठर मिनिटाला 3 वेळा, तर त्याला लागून असलेला लहान आतड्याचा भाग मिनिटाला 11 ते 12 वेळा जोराने आवळतो. लहान आतड्याच्या वरच्या भागात तयार होणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकाची रक्तातील पातळी याच सुमारास वाढलेली आढळते.

हा सगळा खटाटोप सफाईचा आहे. पचन चालू असताना जठराचे खालचे दार एक-दोन मिलीमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढे सोडते. फळाची गिळलेली बी किंवा चिवट तंतू मागे राहतात. सफाईच्या फेरीत ते दार सताड उघडते आणि उरलेसुरले पुढे लोटले जाते. त्यामुळे पोटात कावळे ओरडत आहेत असे आपल्याला वाटते, तेव्हा आत प्रत्यक्षात झाडलोट चाललेली असते.

सकाळी 8 वाजता पोहे आणि चहा घेऊन कार्यालयात गेलेली एखादी व्यक्ती घ्या. पोहे जठरातून पुढे सरकायला तीन ते चार तास लागतात, आणि तेवढा वेळ सफाईचे चक्र बंद असते. बाराच्या सुमारास, नेमक्या बैठकीतल्या शांततेत, पहिला तडाखा येतो. तिने काहीच खाल्ले नाही तरी तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो आणि पुढचा सहसा दीड-दोन तासांनी येतो. निर्जळी उपवास करणाऱ्यांना भूक मध्येच मरते आणि परत येते असे जाणवते, त्यामागे या चक्राचाही हात असतो. मात्र ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या रीतीने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, की चक्र कोणत्याही जेवणाने थांबते तसेच काही मिनिटांत थांबते. तूप-शेंगदाण्यांसारखे स्निग्ध पदार्थ त्याला अधिक वेळ थांबवून धरतात.

हे चक्र बिघडले तर काय होते, हे 1977 मध्ये बेल्जियममधील व्हॅन्ट्रापेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ झालेल्या काही रुग्णांमध्ये सफाईचा तडाखा अजिबात येत नव्हता किंवा फारच विस्कळीत होता. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंना इजा झाल्यावरही ही लय मंदावते आणि न पचलेल्या तंतूंचा गोळा जठरात साचू शकतो. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनचेच काम करते, म्हणून जठर संथ झालेल्या रुग्णांना ते कमी मात्रेत दिले जाते आणि म्हणूनच इतरांच्या पोटात त्याने मुरडा येतो.

नुसती गुरगुर, ती कितीही मोठी असली तरी, आजार नव्हे. तिच्याबरोबर पोट फुगून ताठ झाले, कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, वायू आणि शौच दोन्ही थांबले, तर आतडे अडल्याची शंका घ्यावी लागते. तशा वेळी सुरुवातीला उंच पट्टीचे, धातूवर टिचकी मारल्यासारखे आवाज येतात आणि नंतर ते बंद पडू शकतात. नुसत्या स्टेथोस्कोपवरून हे निदान पक्के होत नाही, त्यामुळे डॉक्टर पोट तपासून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून घेतात.