‘गृहपाठ बंदच करा’: एका निबंधाची झाडाझडती

आज एक निबंध घेऊन आलोय, नववीतल्या एका मुलीचा, तिला विचारूनच आणलाय. तिचं म्हणणं पहिल्याच ओळीत आहे की सगळ्या शाळांनी गृहपाठ पूर्ण बंद करावा. पुढे कारणं तीन. मी आणि माझ्या तीन मैत्रिणी गृहपाठामुळे उशिरा झोपतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो, हे पहिलं. बरेच शिक्षक दिलेला गृहपाठ तपासतच नाहीत, हे दुसरं. आणि गृहपाठाने कुणी काही शिकत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे, हे तिसरं.

राल्फ जॉन्सन आणि अँथनी ब्लेअर या कॅनडातल्या दोन प्राध्यापकांनी 1977 मध्ये युक्तिवाद तपासायच्या तीन चाचण्या मांडल्या. दिलेल्या कारणाचा निष्कर्षाशी संबंध आहे का, सगळी कारणं मिळून निष्कर्षाला पुरतात का, आणि ज्याला पटवायचंय तो ती कारणं मान्य करेल का. संबद्धता, पुरेसेपणा, स्वीकारार्हता म्हणा हवं तर. नावं जड आहेत पण काम साधं आहे.

तिसरं कारण आधी घेतो, कारण ते पटकन निकालात निघतं. त्याचा विषयाशी संबंध आहे, आणि ते खरंच मान्य झालं तर जवळजवळ एकटंच पुरेल, पण मान्य कोण करणार? जो गृहपाठाच्या बाजूचा आहे त्याचं म्हणणंच हे आहे की घरी सराव केला की डोक्यात बसतं, मग त्याच्यासमोर ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ म्हणणं म्हणजे ज्यावर वाद आहे तेच गृहीत धरून मोकळं होणं. ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं निबंधात दिसलं ना की मी पेन्सिलने खूण करतो, तिथे हमखास पुरावा गायब असतो.

पहिलं कारण चांगलं आहे. झोप आणि वर्गातलं लक्ष यांचा संबंध आहे, आणि ती स्वतःचा अनुभव सांगतेय तर तो नाकारायचं कारण नाही. अडतं ते पुरेसेपणावर. चार मुली, एक वर्ग, आणि निष्कर्ष सगळ्या शाळांचा. शिवाय झोपायला उशीर गृहपाठामुळेच होतो की आधी तासभर मोबाईल बघून मग वही उघडली म्हणून, हे निबंधात कुठेच नाही. (हे विचारल्यावर ती हसली, म्हणजे उत्तर मिळालं.)

आता दुसरं कारण, शिक्षक तपासत नाहीत. हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी समासात ‘संबंध काय?’ लिहिलं, कारण तपासत नाहीत तर तपासा म्हणा, बंद कशाला करायचा? पण मग वाटलं की तिच्या मनात मधली एक पायरी असणार, ती कागदावर उतरलेली नाही. न तपासलेल्या गृहपाठाचा उपयोग नसतो, ही ती पायरी. ती घातली की संबंध जुळतो, पण आता तीच पायरी मान्य होईल का हे बघावं लागतं. म्हणजे एका चाचणीत अडकलेलं कारण आपण सोडवलं की ते पुढच्या चाचणीच्या दारात जाऊन उभं राहतं. म्हणून ‘असंबद्ध’ असा शेरा मारायच्या आधी न लिहिलेली पायरी शोधून बघायची, लिहिणाऱ्यावर तेवढा विश्वास ठेवायचा. काही वेळा शोधूनही सापडत नाही, मग खुशाल शेरा मारा.

मी तिला एवढंच विचारलं की न तपासल्याने नेमकं काय बिघडतं. तिने गणिताची वही आणली. कंसाआधी वजा चिन्ह असेल तर कंस सोडवताना आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं, ती फक्त पहिलंच बदलत होती, आणि अकरा गणितांत तीच चूक, म्हणजे तिने चुकीचाच सराव करून करून तो पक्का केला होता! हा पुरावा आहे, समोर ठेवता येतो, गृहपाठाच्या बाजूचा माणूसही तो मान्य करेल कारण सराव डोक्यात बसतो हे तर त्याचंच म्हणणं.

पण एका वहीवरून सगळ्या शाळांचा गृहपाठ बंद होत नाही. अशा वेळी मुलं कारणं वाढवायला बघतात, तिनेही वाढवली, चौथं पाचवं घातलं, दोन्ही लंगडी. मी म्हटलं कारणं राहू दे, निष्कर्ष छोटा कर. दुसऱ्या खर्ड्यात तिने पहिली ओळ बदलली, ‘गणिताचा गृहपाठ तपासायला वेळ नसेल तर निदान उत्तरं तरी द्यावीत, म्हणजे आम्हाला आमची चूक कळेल.’ मैत्रिणींच्या झोपेचा परिच्छेद तिने स्वतःच काढून टाकला, या निष्कर्षाशी त्याचा काही संबंध नाही म्हणाली. मग वहीतली दोन गणितं चुकीसकट उतरवून दिली. निबंध अर्ध्यावर आला, आणि ती थोडी नाराज होती, कारण ‘बंदच करा’ म्हणायला जास्त मजा येत होती.