यकृत पांढरे दिसते म्हणजे नेमके काय?

श्रोतेहो, नमस्कार. वार्षिक तपासणीत रक्तातले एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले निघते, डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात आणि रिपोर्टवर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर, इकोजेनिसिटी वाढलेली’ अशी ओळ येते. घरी त्या आकड्याचा अर्थ लगेच लावला जातो, की ग्रेड एक म्हणजे किरकोळ आणि ग्रेड तीन म्हणजे यकृत गेलेच. या समजुतीविषयी आज बोलायचे आहे.

सोनोग्राफीच्या यंत्रातून ध्वनिलहरी पोटात जातात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीपासून पडद्यावर चित्र उमटते. यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठले की ते या लहरी जास्त विखुरतात, अधिक प्रतिध्वनी परत येतो आणि यकृत उजळ दिसते; हीच रिपोर्टमधली वाढलेली इकोजेनिसिटी. ही उजळी मोजायला तपासणारे डॉक्टर एकाच चित्रात यकृत आणि शेजारचे उजवे मूत्रपिंड घेतात. निरोगी माणसात दोन्हींची छटा जवळपास सारखी असते; चरबी असली की यकृत स्पष्टपणे पांढरे आणि मूत्रपिंड काळपट दिसते. (मूत्रपिंडच आजारी असेल, तर तेही उजळते आणि ही तुलना फसते.) दाट धुक्यात गाडीच्या दिव्यांचा उजेड जवळच पसरतो आणि पुढचा रस्ता दिसत नाही, तसेच चरबी वाढल्यावर होते. म्हणून यकृत नुसते उजळ असेल तर ग्रेड एक, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड दोन, आणि मागचा भाग व श्वासपटलही दिसेनासे झाले तर ग्रेड तीन, असे साधारणपणे लिहिले जाते. ही प्रतवारी डोळ्यांनी ठरते. दोन डॉक्टरांत एका ग्रेडचा फरक पडणे नवलाचे नाही. शिवाय चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती बरेचदा दिसतच नाही.

आता मुद्द्याचे. ग्रेड सांगतो तो चरबीचा अंदाज. यकृताला सूज आहे का, आणि तिच्यामुळे आत चट्टे पडून ते कडक होऊ लागले आहे का, हे त्यातून कळत नाही. आणि पुढचा धोका मुख्यतः या कडकपणावर ठरतो. त्याचा पहिला अंदाज घेण्यासाठी ‘फिब-४’ नावाचे साधे गणित आहे. वयाला एसजीओटी या रक्तातल्या दुसऱ्या एन्झाइमच्या आकड्याने गुणायचे. प्लेटलेटची हजारातली संख्या एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायची. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे.

उदाहरणादाखल दोन व्यक्ती घेऊ. एका गृहस्थांचे वय ४६, एसजीओटी ४८, एसजीपीटी ८१, प्लेटलेट २ लाख ४० हजार आणि सोनोग्राफीत ग्रेड दोन. उत्तर येते साधारण १.०. ते १.३ च्या खाली असल्याने गंभीर चट्टे असण्याची शक्यता कमी. दुसऱ्या बाईंचे वय ५८, मधुमेह आहे, एसजीओटी ५६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ३० हजार. रिपोर्टवर मात्र ग्रेड एक. त्यांचे उत्तर येते जवळपास ३.६, म्हणजे २.६७ या वरच्या सीमेच्याही पुढे. घरात काळजी गृहस्थांची होत असेल, पण यकृततज्ज्ञांकडे लवकर जायला हवे ते या बाईंनी. यकृत फार कडक होत गेले की त्यातली चरबी कमीही होते, त्यामुळे खालचा ग्रेड नेहमीच चांगली बातमी नसते. अशा वेळी रिपोर्टमध्ये यकृताचा पोत खरखरीत, पृष्ठभाग उंचसखल किंवा प्लीहा वाढलेली, असे शब्द आहेत का ते जरूर पाहावे. पुढची पायरी बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी. हे गणित ३५ वर्षांखाली फारसे भरवशाचे नाही आणि ६५ नंतर खालची सीमा २ धरतात.

आणखी एक चूक वारंवार होते. चरबी दिसली, म्हणजे एन्झाइम वाढण्याचे कारण सापडले, असे धरून पुढचा शोध थांबतो. वास्तविक चरबी आणि दुसरा आजार एकाच यकृतात सुखाने नांदू शकतात. म्हणून हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी, दारूचे खरे प्रमाण, तसेच चालू असलेली औषधे, त्यांत स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलेले काढेसुद्धा, यांची चौकशी झालीच पाहिजे. औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांचे वजन ८४ किलो असेल, तर सहा ते आठ किलो वजन हळूहळू उतरल्यावर सूज आणि एसजीपीटी दोन्ही बरेचदा खाली येतात. त्यानंतरच्या सोनोग्राफीतही ‘ग्रेड टू’ लिहून आले, तरी काहीच फरक पडला नाही असे त्यांनी समजू नये. चरबीतली थोडी घट या तपासणीच्या नजरेत भरत नाही. त्यांनी एन्झाइम आणि प्लेटलेट यांचे जुने-नवे आकडे एका कागदावर तारखेनिशी लिहून डॉक्टरांना दाखवावेत. नमस्कार.