स्लाइड पुढे गेली, टिपण मागे राहिलं

(नागपुरात प्रशिक्षकांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यातली पाच सत्कारातच गेली. विषय छोटासाच आहे: स्लाइडींचा क्रम बदलला की बोलायच्या टिपणांचा क्रम कसा लावायचा. हसू नका, या विषयावर मी एकदा भर सभेत हसं करून घेतलं आहे. तेच आधी सांगतो.

संत्र्यावर बोलायचं होतं, समोर बागायतदार. सहा स्लाइडी होत्या: पहिली नावाची, दुसरी आंबिया आणि मृग या दोन बहारांची, तिसरी ताणाची, चौथी खताची, पाचवी डिंक्या रोगाची, सहावी बाजाराची. टिपणं मात्र वहीत, पानापानावर एक ते सहा आकडे घालून. वही का, तर लॅपटॉपवर बोटं चालवत बोलणारा वक्ता मला कारकुनासारखा वाटतो. असो. आदल्या रात्री आयोजकांचा फोन आला, "सर, इकडे डिंक्याचाच त्रास आहे, तो आधी घ्या ना." पाचवी स्लाइड ओढून दुसऱ्या जागी टाकली. काम दहा सेकंदांचं. मग नवा क्रम चिठ्ठीवर लिहिला: १, ५, २, ३, ४, ६.

सकाळी तर्री-पोहे खाता खाता त्या चिठ्ठीवरून वहीच्या पानांवर नवे आकडे टाकले. वहीचं दुसरं पान, चिठ्ठीत दुसरा आकडा पाच, म्हणून त्यावर ५ लिहिलं. तिसऱ्या पानावर २, चौथ्यावर ३, पाचव्यावर ४. पानं त्या क्रमानं लावली आणि निघालो.

पडद्यावर दुसरी स्लाइड आली: खोडातून डिंक ओघळतोय, असा मोठा फोटो. मी मान खाली घालून टिपण वाचतोय, "आता पाणी तोडायचं. पानं मलूल होईपर्यंत ताण द्यायचा." मागून एक आजोबा उठले. "साहेब, हे झाड आधीच रडून राह्यलं, अन् तुम्ही त्याचं पाणी तोडता?" सभा दोन मिनिटं हसत होती. पुढे बहारांच्या स्लाइडवर मी खत सांगितलं, हेही नमूद करतो.

चूक कुठे झाली? चिठ्ठी म्हणत होती, "नव्या दुसऱ्या जागी जुनी पाचवी." मी वाचलं, "जुनं दुसरं पान नव्या पाचव्या जागी." यादी तीच, वाचण्याची दिशा उलटी. खरं तर जुन्या दुसऱ्या पानावर ३ हवा होता. गंमत अशी, की दोनच स्लाइडींची अदलाबदल असती, म्हणजे १, ५, ३, ४, २, ६, तर उलटं वाचूनही बरोबरच आलं असतं. मी वर्षानुवर्षं अदलाबदलीच करत आलो होतो, म्हणून ही खोड कधी उघडी पडली नाही. तीन किंवा जास्त स्लाइडी गोल फिरल्या की पडते.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणजे मूळ विषय आता पाच मिनिटांत.

पानावर आकडा टाकूच नका, स्लाइडचं नाव टाका: "डिंक्या", "ताण". क्रम कितीही बदलला तरी नाव बदलत नाही. त्याहून बरं म्हणजे टिपण पॉवरपॉइंटमध्येच स्लाइडखालच्या टिपणांच्या चौकटीत लिहा. स्लाइड ओढली की तेही सोबत जातं, कारण फाइलमध्ये टिपण त्या स्लाइडलाच जोडलेलं असतं आणि क्रमाची यादी वेगळी असते. पण स्लाइडवरचा मजकूर आणि फोटो तेवढे उचलून नव्या कोऱ्या स्लाइडवर चिकटवलेत, तर टिपण जुन्या जागीच राहतं. आणि स्लाइडची प्रत काढलीत, तर टिपणाचीही प्रत निघते. मग एकच विनोद दोनदा होतो.

एवढं करूनही एक गोष्ट संगणक लावून देत नाही: सांधे. माझ्या डिंक्याच्या टिपणात पहिलंच वाक्य होतं, "मगाशी ताणाबद्दल बोललो, त्यानंतर जास्तीचं पाणी दिलं की..." डिंक्या दुसऱ्या जागी आला तर मगाशी काहीच बोललेलो नसतो. म्हणून टिपणांत "मगाशी", "आधी सांगितलं तसं", "पुढे बघू" हे शब्द शोधायचे आणि प्रत्येक जागी विचारायचं, हे खरंच आधी आलं का? स्लाइड हलली की तीन सांधे नव्यानं जुळवावे लागतात: ती निघाली तिथला एक, बसली तिथले दोन. दूरचे उल्लेख वेगळेच. मी आता सांध्याचं वाक्य लाल शाईनं, टिपणाच्या अगदी शेवटी लिहितो, म्हणजे खोडायला सोपं.

शेवटची तपासणी: प्रत्येक स्लाइडचं शीर्षक आणि तिच्या टिपणाची पहिली ओळ, एवढंच मोठ्यानं वाचत जा. डिंक्यापुढे "पाणी तोडा" आलं की कान टवकारतात, डोळे नाही टवकारत.

झालं, झालं, घंटा ऐकली. प्रश्न चहाच्या वेळी. ते आजोबा आज आले असतील तर त्यांनी पुढे बसावं.