खर्च पुरता मोजला, ऑर्डरी निसटल्या

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक ग्राहक मोबाइलवर फेसबुक चाळत असताना बुटांच्या एका जाहिरातीवर बोट ठेवतो. उघडलेल्या पानाच्या पत्त्याला `fbclid` नावाची एक लांबलचक खूण चिकटलेली असते आणि तिच्या आधारे विक्रेत्याची कुकी या क्लिकची नोंद ठेवते. ती कुकी मात्र मोबाइलमधल्या त्याच ब्राउझरपुरती असते. ग्राहक बूट पाहतो आणि मोबाइल बाजूला ठेवतो.

दोन दिवसांनी तो लॅपटॉपवर दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करून तेच बूट घेतो. या ब्राउझरला त्या रात्रीची काहीच माहिती नसल्यामुळे, कोणती विक्री कुठून आली हे सांगणाऱ्या दुकानाच्या अहवालात ही विक्री ‘डायरेक्ट’, म्हणजे ग्राहक थेट आला, या रकान्यात जाते. लॅपटॉपवर अ‍ॅड ब्लॉकर असेल, तर मोजणीची स्क्रिप्टच अडवली जाते आणि ऑर्डर अहवालात कुठल्याही रकान्यात उमटत नाही. ब्लॉकर लावणाऱ्याला जाहिराती दिसतच नाहीत, असे आपण सहज धरून चालतो. पण ब्राउझरमधले एक्स्टेंशन मोबाइल अ‍ॅपमधल्या जाहिरातींना हात लावू शकत नाही.

या दोन गळत्या ओळखण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. ब्लॉकरमुळे हरवलेल्या ऑर्डरी दुकानाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतातच, म्हणून ऑर्डर क्रमांक अहवालाशी ताडून पाहिले की त्या सापडतात. उपकरण बदलल्यामुळे ‘डायरेक्ट’मध्ये गेलेली ऑर्डर मात्र दोन्हीकडे हजर असते, त्यामुळे नुसत्या ताळमेळाने ती उघडी पडत नाही. तिच्यासाठी जाहिरात काही भागांत बंद ठेवून पाहावे लागते.

समजा, आधी सारखीच विक्री असलेले दोन प्रदेश निवडले आणि एकात चार आठवडे जाहिरात थांबवली. तिथे डेटाबेसमध्ये 180 ऑर्डरी आल्या, तर जाहिरात चालू असलेल्या प्रदेशात 250. म्हणजे जाहिरातीमुळे साधारण 70 ऑर्डरी वाढल्या. अहवालाने मात्र तिच्या नावावर 40 च लावल्या होत्या. खर्चाचा आकडा बिलातून येतो आणि तो पूर्ण असतो. ऑर्डरींचा आकडा ब्राउझरमधून येतो आणि तो तुटका असतो. त्या पूर्ण खर्चाला 70 ऐवजी 40 ने भागले की प्रत्येक ऑर्डर पावणेदोनपट महाग दिसते. अशा आकड्यावर विसंबून जाहिरात बंद करणारे बरेच असतात, आणि पुढच्या महिन्यात ‘डायरेक्ट’ विक्री का घसरली, या प्रश्नाने ते बुचकळ्यात पडतात.

अर्थात, एवढ्या थोड्या ऑर्डरींवर केलेल्या चाचणीत नुसत्या योगायोगानेही दहा-वीस ऑर्डरींचा फरक पडू शकतो, म्हणून प्रदेशांची अदलाबदल करून ती पुन्हा घ्यावी लागते. ग्राहकाच्या संमतीने त्याचा ईमेल हॅश करून, म्हणजे न वाचता येणाऱ्या ठरावीक सांकेतिक अक्षरांत बदलून, दुकानाच्या सर्व्हरवरून ऑर्डरीची माहिती जाहिरात कंपनीला पाठवली, तर काही धागे पुन्हा जुळतात. पण जाहिरात पाहताना तो ज्या खात्यात लॉगिन होता, त्याचा आणि ऑर्डरीवरचा ईमेल एकच असेल, तरच.