नवरोजच्या ताटातला गहू

मित्रांनो, इराणी ओळखीच्यांना नवरोजचा निरोप पाठवणार असाल, तर आधी घड्याळ बघा. त्यांचं वर्ष मध्यरात्री बदलत नाही. सूर्य विषुववृत्तावर येतो त्या क्षणी बदलतं. 2025 मध्ये तो क्षण 20 मार्चला आला. तेहरानमध्ये दुपारचे 12:31, आपल्याकडे 2:31. घरातली माणसं त्याआधीच मेजाभोवती बसतात, क्षण उलटला की एकमेकांना मिठी मारतात, आणि मग म्हणतात, ‘ईद-ए शोमा मोबारक’. त्याआधी शुभेच्छा द्यायच्या तर सुरुवातीला ‘पीशापीश’ लावायचं, म्हणजे आगाऊ. यातला ‘पीश’ म्हणजे पुढे, आणि तोच आपल्या ‘पेशवा’ शब्दातही आहे. मला सगळ्यात आवडते ती ‘सद साल बे ईन सालहा’. अशीच शंभर वर्षं लाभोत.

त्या मेजाला म्हणतात हफ्त-सीन. हफ्त म्हणजे सात. आपला ‘हप्ता’ तिथूनच आला. फारसीतल्या ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडायच्या. सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेर्के म्हणजे शिरका, सोमाग ही आंबट लालसर पूड, सेंजेद हे बोरासारखं सुकं फळ. त्यांचे अर्थ घरोघरी थोडे बदलतात: सफरचंदात आरोग्य, सेंजेदमध्ये प्रेम, शिरक्यात संयम.

उरलेल्या दोन वस्तूंवर मात्र मला थांबायचंय, कारण बहुतेक घरी त्या दोन्ही गव्हाच्याच असतात.

पहिली सब्झे, हिरवे अंकुर. सणाच्या साधारण दोन आठवडे आधी गहू भिजवतात, ओल्या फडक्यात मोड आणतात आणि ताटलीत पसरून वर ओलं कापड ठेवतात. आपण घटाभोवती धान्य पेरतो तसंच, फक्त इथे माती नाही. पाणी साचलं की दाणे कुजतात, आंबूस वास येतो. तसं झालं तर नव्याने भिजवायचं.

दुसरी समनू, तपकिरी, दाट, गोड खीर. तिच्यात साखर अजिबात नसते. मोड पांढरे असतानाच गहू वाटायचा. हिरवं टोक दिसलं तर कडवटपणा येतो. वाटलेल्या गव्हाच्या गाळलेल्या दुधात कणीक कालवून मंद आचेवर तासन् तास ढवळायचं. मोडांमध्ये पिठाची साखर करणारा घटक असतो. सुरुवातीलाच आच मोठी केली तर तो मरतो आणि गोडी येत नाही. म्हणून शेजारणी पाळीपाळीने रात्रभर पळी धरतात.

समनू खाऊन संपते. सब्झे मात्र तेराव्या दिवसापर्यंत जपतात. त्या दिवशी, सीझदाह-बेदरला, सगळे घराबाहेर पडतात. मुली मनात इच्छा धरून गवताला गाठी मारतात, आणि ताटलीतले अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात.