पगाराच्या दिवशीच बाजूला

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं पगार काढायचं काम केलंय, म्हणजे दर महिन्याला शेकडो लोकांच्या खात्यात पैसे पडतात ते बटण दाबणारी मी. त्यामुळे आज बोलते ते त्याच बाजूने, की पगार पडला आणि त्यातला काही भाग आपोआप दुसऱ्या खात्यात गेला तर नक्की काय होतं, आणि मुख्य म्हणजे कुठे बिघडतं.

कल्पना सगळ्यांना माहितीये. महिनाअखेरीला जे उरेल ते साठवू म्हटलं की काही उरत नाही, म्हणून आधी काढून ठेवायचं, आणि तेही हाताने नाही, बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप वळवायचा आदेश. हाताने ठरवायचं म्हणजे वर्षातून बारा वेळा मनाशी भांडण, एकदा सांगून ठेवलं की भांडण एकदाच. हे किती चालतं ते अमेरिकेतल्या एका कंपनीत दिसलं होतं, ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांचा अभ्यास 2001 साली छापून आला. तिथे आधी निवृत्तीच्या बचतीत यायचं तर फॉर्म भरावा लागायचा, मग नियम उलटा केला, सगळे आपोआप आत, नको असेल त्याने सांगायचं. साधारण तेवढीच नोकरी झालेल्यांत आधी शंभरातले 49 जण आत होते, नंतर 86. पण त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कंपनीने सुरुवातीला जो 3 टक्के आकडा टाकला होता त्यावरच बहुतेक जण तसेच बसून राहिले. म्हणजे आळस आपल्या बाजूने काम करतो हे खरं, पण तो चुकीच्या आकड्यालाही तितकाच चिकटतो.

आता माझ्या एका सहकाऱ्याचं सांगते, आकडे सोपे करते, पगार 1000 धरा, चलन कुठलंही. गड्याने एकदम उत्साहात 200 चा आदेश टाकला, तारीख 1. पहिल्याच महिन्यात 1 तारखेला बँकेला सुट्टी, पगार पडला 2 ला, आणि आदेश मात्र 1 ला पहाटेच खातं उघडून बघून आला, बॅलन्स कमी, फेल. वर त्याचा चार्ज. काही बँका परत प्रयत्न करतात, काही सरळ पुढच्या महिन्यापर्यंत गप्प बसतात, हे खातं उघडतानाच विचारून घ्यायचं. मी त्याला म्हटलं, मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढ, पगार सगळ्यात उशिरा कुठल्या तारखेला आलाय बघ, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाक. त्यापेक्षा उशीर नको, कारण मधल्या दिवसांत पगार पूर्ण दिसतो आणि पूर्ण दिसला की हात सैल सुटतो. आणि ऑफिस जर पगार दोन खात्यांत विभागून देत असेल, बऱ्याच ठिकाणी नुसता एक फॉर्म असतो, लोक विचारतच नाहीत, तर तो रस्ता सगळ्यात चांगला, कारण मग तारखेचा प्रश्नच उरत नाही, ती रक्कम तुमच्या खात्याला शिवतच नाही.

तारीख नीट झाली. पुढच्या महिन्यात 200 गेले. 22 तारखेला तो माझ्या शेजारीच बसला होता, फोन हातात, एकाच ॲपमध्ये वर रोजचं खातं खाली बचतीचं, अंगठा एकदा वर एकदा खाली, आणि 140 परत. दहा सेकंदही नसतील लागले. शिवाय त्या महिन्यात क्रेडिट कार्डावरची बाकी 50 ने वाढली होती, ती त्याने मोजलीच नव्हती. आता हिशोब करा, 200 गेले, 140 परत आले, 50 उधारी वाढली, खरी बचत 10. पण विचारलं तर तो ऐटीत सांगत होता, मी वीस टक्के टाकतो म्हणून! त्यामुळे बचत होतेय की नुसते पैसे फिरतायत हे ओळखायची माझी एकच पद्धत आहे, गेलेले वजा परत आणलेले वजा कार्डावर वाढलेली बाकी, तीन महिने सलग. त्यात कार्डावर व्याज चढत असेल तर आधी तो आदेश तिकडेच वळवावा असं माझं मत, कारण बचतीचं व्याज कार्डाच्या व्याजाला बहुधा पुरत नाही.

मग परत का आणत होता? मला वाटलेलं उधळपट्टी असेल, पण स्टेटमेंट बघितलं तर तसं फारसं नव्हतं. वर्षातून एकदा येणारे खर्च होते, विम्याचा हप्ता 300 आणि मुलाची फी 180, जे दर महिन्याच्या बजेटमध्ये नसतातच आणि आले की अचानक आल्यासारखे वाटतात, जरी गेल्या वर्षीही त्याच महिन्यात आलेले असले तरी. दोन्ही मिळून 480, भागिले बारा, महिन्याला 40. म्हणून आम्ही आदेश दोन केले. 40 या खर्चांच्या वेगळ्या खात्यात, आणि खरी बचत खाली आणली, फक्त 50. त्याला ते जरा कमीपणाचं वाटलं, 200 वरून 50 म्हणजे काय, पण मी म्हटलं 200 तू टाकतच नव्हतास ना. आणि बचतीचं खातं दुसऱ्या बँकेत, कार्ड नाही, फोनवर ॲप नाही, पैसे काढता येतात पण त्यासाठी बसून लॉगिन करावं लागतं. अडचण हवी तेवढीच, अडकून पडावं इतकी नको, नाहीतर खरंच गरज पडली की उधारी घ्यावी लागते.

पहिलं वर्ष जरा खडबडीतच असतं हे पण सांगते. विम्याचा हप्ता सातव्या महिन्यात आला, तोवर 40 प्रमाणे 280 जमलेले, 20 कमी, ते त्याने पगारातून घातले. पण बचतीला हात लागला नाही.

चार महिने काहीच परत आलं नाही तेव्हा 50 चे 70 केले. मग सुरुवातीपासून आठ महिने झाल्यावर पगार 60 ने वाढायचं पत्र आलं, आणि वाढीव पगार हातात यायच्या आधीच आदेश 100 वर नेला, म्हणजे वाढीतली अर्धी बचतीला, अर्धी त्याला. ही युक्ती माझी नाही हां, रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांची. त्यांनी एका कंपनीत लोकांकडून आधीच कबूल करून घेतलं की पुढे पगार वाढेल तसा बचतीचा टक्काही वाढेल, आणि 40 महिन्यांत तो 3.5 वरून 13.6 वर गेला. आजच्या पगारातून काही कापलं जात नाही ना, म्हणून दुखत नाही.

ज्यांची कमाई दर महिन्याला वेगळी, कधी 400 कधी 1500, त्यांना ठरलेल्या रकमेचा आदेश बसत नाही, मंदीच्या महिन्यात फेलच होणार. त्यांनी सगळी कमाई आधी एका वेगळ्या खात्यात घ्यावी आणि तिथून स्वतःला दर महिन्याला ठरलेला पगार द्यावा, अगदी वाईट महिन्यातही परवडेल इतकाच, आणि बचतीचा आदेश या पगारावर लावावा.

तर आमच्या या गड्याचं वर्षाचं गणित, 50 चे चार महिने, 70 चे चार, 100 चे चार, एकूण 880. मागच्या आठवड्यात भेटला तेव्हा म्हणाला, अगं त्या बँकेचा पासवर्डच विसरलोय मी. म्हटलं, राहू दे, घाई काय आहे.