मास्टर गेज नसलेली बैठक

(चिपळूणमध्ये कारखान्यांतल्या विभागप्रमुखांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, लोट्याहून बरेच जण आलेले दिसतायत, म्हणजे प्रेशर गेज काय असतो हे सांगत बसायला नको. एकाच लाइनवर दोन गेज आहेत. एक सहा किलो दाखवतो, दुसरा सात. आपण साडेसहा लिहून मोकळे होतो का? नाही. दोन्ही काढून इन्स्ट्रुमेंटवाल्याकडे देतो, तो मास्टर गेजला लावून बघतो आणि मग कळतं कुठला चुकतोय. कदाचित दोन्ही. याला आपण कॅलिब्रेशन म्हणतो. एप्रिलमध्ये अप्रेझलची रेटिंगं जुळवायला एचआर आपल्याला बोलावतं, त्या बैठकीचं नावही कॅलिब्रेशनच. तिथे मात्र मी साडेसहाच लिहिताना पाहिलंय.

एक बैठक सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही. मी मेंटेनन्स बघायचो, माझ्याकडे आठ इंजिनीअर. प्रॉडक्शनकडेही आठच. रेटिंग एक ते पाच. प्रॉडक्शनच्या साहेबांनी सहा जणांना चार आणि दोघांना तीन दिले होते, सरासरी पावणेचार. मी नेमकं उलट, दोघांना चार आणि सहा जणांना तीन, सरासरी सव्वातीन. पडद्यावर एक्सेल लावलं होतं आणि वरून निरोप होता की सोळांत मिळून चारवाले सहाच.

सुरुवात प्रॉडक्शनपासून झाली. ते साहेब बोलायला पक्के. एकेका पोराची गोष्ट अशी रंगवली की आम्हीच माना डोलवत होतो. त्यांचा फक्त एक चार कापला गेला. जेवून आलो तेव्हा माझ्यासाठी एकच जागा उरली होती.

माझ्या दोन चारवाल्यांत एक मुलगा होता, गुहागरकडचा. एका पंपाचं मेकॅनिकल सील दर तीन-चार आठवड्यांनी गळायचं. आम्ही सील बदलायचो आणि पंप चालू करायचो. जुलैतल्या धो धो पावसात हा डायल गेज लावून बसला आणि मोटर न् पंपाचं अलाइनमेंट हललंय हे त्याने शोधून काढलं. पायाचे बोल्ट सैल झाले होते. ते घट्ट करून अलाइनमेंट नीट केलं, त्यानंतर मार्चपर्यंत सील बदलावं लागलं नाही. पण जुलैची गोष्ट एप्रिलमध्ये कोणाला आठवते? मीसुद्धा ती लॉगबुकमधून लिहून नेली नव्हती, तोंडी सांगितली, तीही घाईत. त्याचा तीन झाला. त्याने मला विचारलं, “साहेब, मी नेमका कमी कुठे पडलो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमी पडलाच नव्हता तो. जागा भरल्या होत्या.

आंब्याचंही आपल्याकडे असंच आहे. एकाच बागेतला हापूस एकाच्या हाताने चार डझनीत जातो, दुसऱ्याच्या हाताने पाच डझनीत. पण तिथे वाद झाला तर वजनकाटा आणता येतो. माणसाच्या कामाला काटा नाही, म्हणून तर ही बैठक लागते.

आता अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. जे सांगायला आलो होतो ते आता भरभर सांगतो.

पावणेचार आणि सव्वातीन यांतून एवढंच कळतं की फरक आहे. साहेब सढळ हाताचे आहेत की त्यांची माणसं खरंच चांगली आहेत, हे सरासरी सांगत नाही. आणि आठ माणसांच्या टीमवर बेल कर्व्ह बसवायचा तर एखाद-दुसऱ्याचा बळी जातोच. तेव्हा आधी मास्टर गेज तयार करा. आकडे उघडण्यापूर्वी एकाच पदावरच्या दोन-तीन जणांची वर्षभराची कामं, नावं झाकून, सगळ्यांनी वाचायची. प्रत्येकाने आपलं रेटिंग चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. एकाच कामाला कोणी तीन देतो, कोणी चार, तिथेच कोणाचा हात सढळ आणि कोणाचा आखडता ते दिसतं. माझा आखडता होता, हे मला अशाच एका चिठ्ठीने दाखवलं.

मग सगळ्यांवर वेळ घालवू नका. तीन आणि चारच्या सीमेवरचेच घ्या, दोन्ही टीमचे आलटून पालटून, म्हणजे जेवणानंतर बसणाऱ्याचं नुकसान होत नाही. दाखला लॉगबुकातला हवा, तारखेसकट. सगळ्यांचे आकडे जुळले म्हणजे ते बरोबर आहेत असंही नाही. ज्याचं काम खोलीत कोणीच पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल बैठक अंदाजच करते. त्याचं रेटिंग मॅनेजरच्या लेखी दाखल्याशिवाय हलवू नका.

आणि हलवलंत तर त्याच क्षणी, त्याच ओळीत, कारण लिहा. “जागा भरल्या” हे कारण धरायचं नाही. मॅनेजरला ते वाक्य त्या माणसासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. एचआरने कापलं म्हणून सुटता येत नाही.

प्रश्न असतील तर चहाला भेटा. मी रात्रीच्या गाडीपर्यंत इथेच आहे.